समुपदेशक शेजारीच राहत असेल तर...

मोठ्या शहरात समुपदेशकाच्या खोलीतून बाहेर पडलेला माणूस गर्दीत मिसळून जातो. तालुक्याच्या गावात तसं होत नाही. तिथली समुपदेशक बाई संध्याकाळी त्याच भाजीबाजारात असते, तिची मुलगी त्याच शाळेत शिकते आणि येत्या लग्नसराईत कुणाच्या तरी मांडवात दोघांची गाठ पडतेच. समुपदेशनाचं नातं आणि आधीपासूनचं दुसरं नातं एकाच माणसाशी जुळलं, की त्याला या क्षेत्रात ‘दुहेरी नातं’ म्हणतात.

हे नातं मुळातच चूक आहे, असा अनेकांचा समज असतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची आचारसंहिता जगभर आधारासाठी पाहिली जाते. तीही सरसकट बंदी घालत नाही. दुसऱ्या नात्यामुळे समुपदेशकाचा निःपक्षपातीपणा किंवा कामाची क्षमता कमी होण्याची शक्यता असेल, अथवा समोरच्याचं नुकसान किंवा शोषण होण्याचा धोका असेल, तर ते नातं टाळा, असं ती सांगते. लैंगिक संबंधांना मात्र कुठलीच सवलत नाही. स्वतःच्या घरातल्या माणसांचं समुपदेशन करू नये आणि अशिलाशी पैशांची उसनवारी किंवा भागीदारी करू नये, हेही तितकंच पक्कं. प्रश्न उरतो तो यामधल्या मोठ्या पट्ट्याचा.

एक कल्पित पण कुठल्याही तालुक्यात घडू शकेल असं उदाहरण घेऊ. माध्यमिक शाळेत काम करणाऱ्या समुपदेशक बाईंकडे आठवीतला एक मुलगा येऊ लागला आहे. दर सोमवारी त्याच्या पोटात दुखतं आणि शाळा बुडते. तीन-चार भेटींनंतर त्याने सांगितलं, की रविवारी रात्री बाबा पिऊन येतात, भांडणं होतात आणि आईला एकटं सोडून शाळेत यायला त्याला भीती वाटते. हे घर बाईंच्याच गल्लीतलं. मुलाची आई आणि बाई एकाच बचत गटात आहेत. एके दिवशी रात्री आई घरी येते आणि म्हणते, “ताई, पोराचं राहू द्या, मलाच तुमच्याशी बोलायचंय. तुमच्याशिवाय कुणापुढे तोंड उघडणार?”

आपुलकीपोटी बाई ‘बसा’ म्हणाल्या आणि दर आठवड्याला आईचंही ऐकू लागल्या, तर काय होईल? आई सांगते, की उन्हाळ्याच्या सुट्टीत ती कायमची माहेरी जाणार आहे, मुलाला अजून काही सांगायचं नाही. दोन दिवसांनी मुलगा विचारतो, “मॅडम, आई काही बोलली का?” खरं सांगितलं तर आईचा विश्वास मोडतो आणि ‘नाही’ म्हटलं तर मुलाशी खोटं बोलणं होतं. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलाचा ताबा कुणाकडे, हा प्रश्न उभा राहिला, तर दोन्ही बाजू बाईंकडे बोट दाखवतील. शिवाय बचत गटात कर्जाचा हप्ता थकला, तर त्यामागचं कारण फक्त बाईंना माहीत असेल आणि गटाची सदस्य म्हणून त्यांना मतही द्यावं लागेल.

अशा वेळी मायकेल गॉटलीब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1993 मध्ये मांडलेली पद्धत उपयोगी पडते. तो तीन गोष्टी तपासायला सांगतो. दोघांपैकी एकाच्या हातात किती सत्ता आहे? नातं किती काळ टिकेल? आणि ते संपल्याचं दोघांनाही स्पष्ट कळेल का? शाळेत बाईंच्या शब्दाला वजन आहे, मूल अजून किमान दोन वर्षं त्याच शाळेत राहणार आहे आणि शेजार तर संपतच नाही. तिन्ही उत्तरं धोक्याकडे झुकतात. म्हणून इथे निर्णय असा, की अशील एकच, तो मुलगा. आईला भेटायचं ते त्याची पालक म्हणून, शाळेच्या वेळेत आणि त्याच्याबद्दल बोलण्यासाठी.

हे सांगायचं कसं, यात खरं कसब आहे. नुसतं ‘नियमात बसत नाही’ म्हटलं, तर आईला परकं केल्यासारखं वाटेल आणि ती पुन्हा कुणाकडेच जाणार नाही. बाई म्हणू शकतात, “वहिनी, तुम्ही बोललात हे फार बरं केलंत. तुमचा मुलगा माझ्याकडे मोकळेपणाने बोलतोय. मी तुमचंही ऐकू लागले, तर उद्या कुणा एकाची बाजू घेतल्यासारखं होईल. तुमचं बोलणं पूर्ण ऐकून घेणारं दुसरं माणूस मी शोधून देते.” पण ते सांगण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा. आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का? मारहाण होत असेल, तर महिला हेल्पलाइन 181 आणि जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर आहे. मनावरच्या ताणासाठी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. गावात कुणालाच कळू नये असं वाटत असेल, तर 14416 ही केंद्र सरकारची मोफत टेलीमानस सेवा फोनवर मराठीत बोलते.

दुसरं कुणी मिळतच नसेल आणि परिचिताला घ्यावंच लागलं, तर पहिल्याच भेटीत चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. रस्त्यात भेटलो तर काय करायचं, ही पहिली. परदेशी पुस्तकं सांगतात, की समुपदेशकाने आपणहून ओळख दाखवू नये. आपल्याकडे रोज ‘झालं का जेवण?’ विचारणारी शेजारीण एकदम गप्प झाली, तर गल्लीच कारण शोधू लागते. म्हणून नेहमीचं बोलणं नेहमीसारखंच चालू ठेवायचं, फक्त खोलीतला विषय बाहेर काढायचा नाही. दुसरी गोष्ट जागा आणि वेळेची. बोलणं ठरलेल्या खोलीत, ठरलेल्या वेळी. ओट्यावर किंवा व्हॉट्सॲपवर नाही. तिसरी गोष्ट गुप्ततेच्या मर्यादेची. जिवाला धोका असेल, तर गुपित राखता येत नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं, मग आरोपी शेजारी असो की नातेवाईक. चौथी गोष्ट म्हणजे अडचण वाटल्यास कधी थांबायचं आणि पुढे कुणाकडे पाठवायचं.

गावात माहिती दोन वाटांनी येते, खोलीतून आणि चावडीवरून. काही महिन्यांनी कुठली कुठून आली, हे डोक्यात राहत नाही आणि नको तिथे शब्द निसटतो. म्हणून नोंद लिहिताना ही गोष्ट स्वतः अशिलाने सांगितली की बाहेरून कानावर आली, हे वेगळं लिहावं. बाहेरून आलेलं अशिलाने काढल्याशिवाय सत्रात वापरू नये.

घसरण सुरू झाल्याची लक्षणंही ओळखता येतात. एखाद्याची भेट नोंदवायची राहून जाते. अवघड प्रश्न विचारताना ‘उद्या यांच्याकडेच हळदीकुंकवाला जायचंय’ हा विचार आडवा येतो. अशीलही काही गोष्टी गाळून सांगू लागतं, कारण त्या समुपदेशकाच्या नातेवाइकांबद्दल असतात. यांतलं एक जरी दिसलं, तरी दुसऱ्या गावातल्या अनुभवी सहकाऱ्याशी नाव-गाव न सांगता बोलावं. एकट्याने घेतलेला असा निर्णय बहुतेक वेळा स्वतःच्या सोयीचा असतो.

वाचकांनाही एक सांगणं आहे. ओळखीच्या समुपदेशकाकडे जाताना पहिल्या भेटीतच विचारा: माझ्या घरातलं आणखी कुणी तुमच्याकडे येत असेल, तर तुम्ही काय करता? बाहेर भेटलो तर कसं वागाल? माझं कुठलं बोलणं तुम्हाला इतरांना सांगावं लागेल? घरातलं दुसरं कुणी येतं की नाही, याचं उत्तर मात्र मागू नका. ते देणाऱ्या समुपदेशकाकडे तुमचंही गुपित सुरक्षित राहणार नाही.