एकीकडून भरतं, दुसरीकडून जातं

फ्रंट लोड मशीन सुरू केलं की पाणी येण्याचा आवाज येत राहतो, पण काचेतून पाहिलं तर कपडे जेमतेम ओले. बऱ्याच वेळाने मशीन थांबतं आणि पडद्यावर ‘पाणी येत नाही’ अशा अर्थाचा कोड झळकतो. मग नळाचा दाब, इनलेटची जाळी, टाकी असं सगळं तपासून होतं. दोष मात्र अनेकदा मागच्या राखाडी ड्रेन पाइपात असतो.

या मशीनच्या सांडपाण्याच्या वाटेवर सहसा झडप नसते. टबाच्या तळाशी पंप असतो, तिथून निघालेला पाइप वर चढतो आणि मग ड्रेनकडे वळतो. त्या चढामुळेच टबातलं पाणी आत राहतं. फरशी धुताना किंवा मशीन सरकवताना पाइप क्लिपमधून सुटला आणि थेट मोरीच्या जाळीत पडला, की पंप बंद असतानाही पाणी वाहून जातं. पाइप वर चढलेला असला तरी, तो पाण्याने भरलेला असेल आणि त्याचं टोक टबातल्या पातळीच्या खाली असेल, तर पाणी ओढलं जाऊ शकतं. हाच सायफन. टोक ड्रेनच्या पाण्यात बुडालेलं किंवा चिकटपट्टीने घट्ट बंद केलेलं असेल, तर हवा शिरायला वाव नसल्याने तो तुटतही नाही. टबातली पातळी पुरेशी वाढत नाही, म्हणून मशीन आणखी पाणी घेत राहतं.

खात्री करणं सोपं आहे. पाणी भरत असताना मशीन पॉज करा आणि मोरीजवळ कान द्या. पंपाची घरघर नसताना धार चालू असेल, तर पाइपाचं टोक मशीनच्या माथ्याइतकं उचलून धरा. धार थांबली की दोष सापडला. (वॉश गरम पाण्याचा असेल तर हात सांभाळून.)

आता नळ बंद करा, प्लग काढा. पाइप मागच्या क्लिपमध्ये बसवा आणि त्याचा सर्वांत वरचा बाक फरशीपासून साधारण 60 ते 100 सेंटिमीटरवर येईल असा बांधा. नेमकं माप मशीनच्या पुस्तिकेत असतं. त्याहून फार उंच नेलात तर पंपाला पाणी चढवणं जड जातं. टोक उभ्या पीव्हीसी पाइपात 10-15 सेंटिमीटरच जाऊ द्या. भोवती फट हवीच. वास येतो म्हणून ती बुजवण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळा. वासावर इलाज म्हणजे ड्रेनला पाणी धरून ठेवणारा ट्रॅप. टोक जमिनीलगतच सोडावं लागत असेल, तर वरच्या बाकावर हवा आत घेणारी सायफन-रोधक झडप बसवून घ्या.

हे सगळं पंपवाल्या मशीनपुरतं. अनेक टॉप लोड आणि सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये आत झडप असते आणि पाणी उतारानेच जातं. त्यांचा पाइप उंच बांधलात तर टब रिकामाच होणार नाही.