‘पिको’ पद्धतीने प्रश्नाची मांडणी व संदर्भशोध : शेगाव परिसरातील केसगळतीच्या निमित्ताने

डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून आपल्या जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील लोकांचे केस अकस्मात गळू लागले आणि थोड्याच दिवसांत अनेकांना टक्कल पडले. त्या काळात व्यवसायबंधूंना आणि औषधविक्रेत्यांना ‘भृंगराज तेलाने केस येतील काय?’ असा प्रश्न वारंवार विचारला गेला. हाच प्रश्न जसाच्या तसा संगणकावर टंकित केल्यास हाती फारसे काही लागत नाही, कारण तो शोधण्याजोगा प्रश्न नसतो.

असा प्रश्न शोधण्याजोगा करण्यासाठी रिचर्डसन आदी वैद्यकतज्ज्ञांनी १९९५ मध्ये त्याचे चार अवयव मांडले. रुग्ण, उपाय, तुलना आणि फलित हे ते अवयव होत. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पिको’ हे नाव रूढ झाले. आपला प्रश्न त्यानुसार असा होईल : अल्पावधीत केस गळालेल्या प्रौढांत (रुग्ण), भृंगराजसिद्ध तेलाच्या अभ्यंगाने (उपाय), नुसत्या तिळतेलाच्या अभ्यंगाशी ताडून पाहता (तुलना), बारा आठवड्यांनी ठराविक क्षेत्रातील केसांची संख्या वाढते काय (फलित)?

यातील ‘तुलना’ हा अवयव वैद्यांकडून बहुधा सुटतो आणि सर्वाधिक घोटाळा तेथेच होतो. शेगाव परिसरातील अनेकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागल्याची वृत्ते आली. ज्या केसगळतीत केस आपोआप परत येतात, तेथे कोणतेही तेल लावले तरी यश तेलाच्याच पदरात पडते. म्हणून तुलनागट नसलेला लेख हाती आला तर त्यावरून तेलाची शिफारस करू नये, असे आमचे मत आहे.

आता शोधशब्द. चारही अवयव शोधात घालण्याचा मोह आवरावा, कारण तुलना व फलित यांचा उल्लेख लेखाच्या सारांशात पुष्कळदा नसतो आणि उपयुक्त लेखही गळून पडतात. पहिला शोध रुग्ण व उपाय या दोहोंवर करावा आणि उरलेले दोन अवयव लेख निवडताना कसोटी म्हणून वापरावेत. एकाच अवयवाचे पर्यायी शब्द OR ने जोडून कंसात ठेवावेत, दोन अवयव AND ने जोडावेत. पबमेडसाठी आमची मांडणी अशी :

```
(alopecia OR "hair loss" OR khalitya OR indralupta)
AND
("Eclipta alba" OR "Eclipta prostrata" OR bhring*)
```

भृंगराजाची दोन्ही वानस्पतिक नावे घेतली आहेत, कारण जुने लेख एका नावाखाली व नवे दुसऱ्या नावाखाली सापडतात. bhring* मधील तारकाचिन्हामुळे या शब्दाची रोमन लिपीतील निरनिराळी वर्णलेखने एकाच वेळी येतात. कंस मात्र विसरू नयेत. पबमेड डावीकडून उजवीकडे क्रमाने वाचते, त्यामुळे कंसाविना अर्थ पालटतो आणि केसांशी संबंध नसलेले शेकडो लेख समोर येतात. असे लेख दिसू लागले की प्रथम कंस तपासावेत. आयुर्वेदाची अनेक नियतकालिके पबमेडमध्ये नसल्याने हाच शोध आयुष रिसर्च पोर्टलवरही स्वतंत्रपणे करावा. तेथे शब्द थोडके ठेवावेत.

या शोधात २००८ चा एक अभ्यास येतो. त्यात भृंगराजाच्या अर्काचा केसवाढीवरील परिणाम पाहिला आहे. परंतु तो पांढऱ्या उंदरांवर, मुद्दाम केस काढलेल्या त्वचेवर केलेला आहे. आपल्या ‘रुग्ण’ अवयवाशी तो जुळत नाही आणि त्यात तेलाभ्यंगही नाही. अशा अभ्यासाचा दाखला जाहिरातीत मानवी रुग्णांवरील सिद्धतेसारखा दिला जातो, हे औषधविक्रेत्यांनी ध्यानी घ्यावे.

शेगावच्या बाबतीत आणखी एक प्रश्न मागे उभा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये शिधावाटपाच्या गव्हातील अति सेलेनियमकडे बोट दाखवले. हा प्रश्न कारणाचा आहे, उपायाचा नाही. म्हणून ‘उपाय’ऐवजी ‘संसर्ग’ म्हणजे त्या द्रव्याशी आलेला संबंध घ्यावा लागतो : तो गहू खाणाऱ्यांत, न खाणाऱ्यांशी ताडून पाहता, केसगळती अधिक आढळते काय? शोध असा :

```
(selenium OR selenosis) AND (alopecia OR "hair loss")
```

यात अमेरिकेतील २००८ चा प्रसंग सापडतो. तेथे द्रवरूप पूरक आहारात चुकीने फार जास्त सेलेनियम पडले होते. तो घेणाऱ्यांना अतिसार, थकवा व सांधेदुखीसोबत केस गळणे आणि नखांचे विकार झाले. तेव्हा केस गळालेला रुग्ण आला तर तेल देण्यापूर्वी त्याची नखे पाहावीत, घरातील किती जणांना त्रास आहे ते विचारावे आणि सर्वजण कोणते धान्य व कोणत्या पूरक गोळ्या घेतात याची नोंद करावी.