दिनक्रमातील भाषाविकास: पालक-प्रशिक्षण पद्धती

दिनक्रमातील भाषाविकासासाठी पालक-प्रशिक्षण ही उशिरा बोलू लागणाऱ्या लहान मुलांसाठी वापरली जाणारी एक उपचारपद्धती आहे. तीत वाचा-उपचारतज्ज्ञ (स्पीच थेरपिस्ट) मुलाला थेट शिकवण्यापेक्षा पालकांना शिकवतात आणि पालक अंघोळ, जेवण, कपडे घालणे अशा रोजच्या कामांत मुलाशी विशिष्ट रीतीने बोलतात. दोन वर्षांचे मूल पन्नासपेक्षा कमी शब्द बोलत असेल किंवा दोन शब्द जोडत नसेल, तर त्याची भाषा उशिरा विकसित होत आहे असे सामान्यतः मानले जाते. उपचारापूर्वी श्रवणचाचणी करणे आवश्यक असते. महाराष्ट्रात अशी तपासणी मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत होते. ही संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली.

पार्श्वभूमी

कॅनडातील हॅनेन कार्यक्रम १९७५ साली सुरू झाला. तो पालकांनाच भाषाशिक्षणाचे माध्यम मानणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय. पुढे अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील अ‍ॅन कायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांना शिकवण्याचा चार टप्प्यांचा क्रम मांडला: समजावणे, करून दाखवणे, पालक करत असताना मार्गदर्शन करणे आणि शेवटी आढावा घेणे. यातील तिसरा टप्पा निर्णायक असतो. केवळ माहितीपत्रक वाचून किंवा तज्ज्ञांचे काम पाहून पालकांची बोलण्याची सवय सहसा बदलत नाही.

एक उदाहरण

सव्वादोन वर्षांचा एक मुलगा पंधराएक शब्द बोलतो, अशी कल्पना करू. तज्ज्ञ प्रथम आईला नेहमीप्रमाणे अंघोळ घालायला सांगतात आणि दहा मिनिटे निरीक्षण करतात. आई मुलाशी भरपूर बोलते. परंतु तिची बहुतेक वाक्ये ‘हे काय आहे?’, ‘साबण म्हण बरं’ अशी असतात आणि उत्तरासाठी ती क्षणभरही थांबत नाही. मूल गप्प राहते.

पहिल्या आठवड्यात एकच बदल ठरतो: प्रश्न न विचारता, मूल ज्याकडे पाहते किंवा जे करते त्याला शब्द द्यायचे. मुलाने तांब्या उचलला, तर ‘तांब्या. तांब्यात पाणी.’ एवढेच म्हणायचे. अंघोळीसाठी ‘ओत’, ‘चोळ’, ‘गरम’, ‘संपलं’ असे मोजके शब्द निवडले जातात. त्यांत क्रियापदे मुद्दाम घेतली जातात, कारण केवळ वस्तूंच्या नावांनी वाक्य बनत नाही.

दुसऱ्या आठवड्यात विस्तार येतो. मूल ‘पाणी’ म्हणाले, की आई ‘गरम पाणी’ म्हणते. म्हणजे मुलाच्या बोलण्यात एखाद-दुसऱ्या शब्दाचीच भर घालते. वाक्य लहान असले, तरी ते व्याकरणदृष्ट्या पूर्ण असावे. ‘पाणी हात घाल’ असे मोडके न बोलता ‘पाण्यात हात घाल’ असे म्हटल्यास ‘पाणी’चे ‘पाण्यात’ हे रूपही मुलाच्या कानावर पडते.

तिसऱ्या आठवड्यात थांबणे येते. आई भरलेला तांब्या उचलते, मुलाकडे पाहते आणि मनात पाच अंक मोजते. मूल ‘ओ’ एवढेच म्हणाले, तरी ती ‘ओत! पाणी ओत’ म्हणत लगेच पाणी ओतते. मूल काहीच बोलले नाही, तर ती स्वतः ‘ओत’ म्हणून पाणी ओतते. या वेळी तज्ज्ञ शेजारी राहून ‘आता थांबा’, ‘छान, त्यानेच सुरुवात केली’ अशा मोजक्या सूचना देतात.

होणाऱ्या चुका

सर्वांत सामान्य चूक म्हणजे थांबण्याचे रूपांतर अडवणुकीत होणे. शब्द उच्चारल्याशिवाय वस्तू द्यायची नाही असे ठरवल्यास मूल रडते, तोंड फिरवते किंवा ते काम टाळू लागते. ही चूक ओळखण्याची खूण होय. दुसरी चूक म्हणजे पाठ करून घेणे. मागून म्हटलेला शब्द आणि स्वतःहून वापरलेला शब्द यांत फरक असतो. म्हणून आठवड्यातून एकदा दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून दोन्हींची वेगळी नोंद ठेवतात. स्वतःहून आलेले शब्द वाढत असतील आणि ते अंघोळीबाहेर, उदाहरणार्थ आमटी वाढतानाही ‘ओत’ असे, येऊ लागले असतील, तर पद्धत उपयोगी पडत आहे असे समजते.

मर्यादा

उशिरा बोलणारी अनेक मुले पुढे आपोआप इतरांच्या बरोबरीला येतात. त्यामुळे एखाद्या मुलाची प्रगती केवळ या पद्धतीमुळे झाली असे सांगता येत नाही. श्रवणदोष किंवा स्वमग्नता असल्यास इतर उपचारांचीही गरज असते. मूल आधी येणारे शब्द विसरू लागले, हाक मारल्यावर वळत नसेल किंवा बोट दाखवून लक्ष वेधत नसेल, तर वाट न पाहता तपासणी करावी लागते. घरात दोन भाषा असणे हे अशा विलंबाचे कारण नसते. त्यासाठी घरची भाषा सोडण्याची आवश्यकता नाही. पालकांनी आपल्याला सर्वांत सहज येणाऱ्या भाषेतच हे संवाद करावेत.