पाव किलोचं पाकीट की दोनशे ग्रॅमचं?

खोडदच्या बचत गटातल्या ताईंना घरचा माल ऑनलाइन कसा विकायचा हे सांगायचं, म्हणून काढलेल्या टिपणांचा हा लेख झाला. गटाकडे विकण्याजोगं बरंच काही असतं: पापड, कुरडया, शेवया, चटण्या, लोणची. माझा आग्रह मात्र एकच जिन्नस घेऊन सुरुवात करण्याचा आहे, आणि तो म्हणजे कांदा-लसूण मसाला. तो वर्षभर लागतो, पापडासारखा वाटेत मोडत नाही, लोणच्यासारखा सांडत नाही आणि एकदा चव बसली की गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही.

आधी हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, प्रत्येक गटाने आपले घालावेत. दहा किलो तयार मसाल्याला मिरची, खोबरं, धणे, तीळ, कांदा, लसूण, तेल आणि खडा मसाला मिळून चार हजार रुपये लागले. डंखावरचं कांडप आणि गॅस चारशे. चार बायकांची एका दिवसाची मजुरी, प्रत्येकी चारशे धरून, सोळाशे. एकूण सहा हजार, म्हणजे किलोला सहाशे. मजुरीचे सोळाशे बहुतेक गट धरतच नाहीत. घरचंच काम आहे म्हणून ते सोडून देतात, मग भाव कमी लावला जातो आणि सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाही की एवढी विक्री होऊन पैसे गेले कुठे.

सवयीने आपण पाव किलोचं पाकीट करतो. मसाला १५० रुपयांचा, पाऊच आणि लेबल १० रुपये, म्हणजे पाकीट १६० ला पडलं. खोका आणि चिकटपट्टी २० रुपये. आता कुरिअर. कुरिअरचा भाव टप्प्यांनी असतो, आणि अनेक ठिकाणी पहिला मोठा टप्पा अर्ध्या किलोचा असतो. त्याला ८० रुपये धरू. आपलं एक पाकीट पाऊचसकट २६० ग्रॅम, खोका ६० ग्रॅम, मिळून ३२०. पैसे मात्र अर्ध्या किलोचे गेले. दोन पाकिटं घातली तर वजन ५८० होतं आणि पुढचा टप्पा लागतो.

हेच पाकीट २०० ग्रॅमचं करा. दोन पाकिटं पाऊचसकट ४२० ग्रॅम, खोका ६०, एकूण ४८०, म्हणजे अर्ध्या किलोच्या आत. खर्च मांडला तर एका पाकिटाचा मसाला १२० आणि पाऊच-लेबल १०, असे १३०. दोन पाकिटांचे २६०, खोका २०, कुरिअर ८०, मिळून ३६०. जोडी ४५० ला दिली तर ९० रुपये हातात राहतात. एकेकटं पाकीट पाठवलं असतं तर तेच २३० ला पडलं असतं, जोडीत ते १८० ला पडतं. म्हणून ऑनलाइन विक्रीत सुटं पाकीट ठेवूच नये. जोडी ठेवावी, किंवा मसाला आणि चटणी असा संच करावा.

खोक्याच्या मापाकडेही लक्ष हवं. बऱ्याच कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारमानही बघतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५००० ने भागायचं, की किलोतलं वजन येतं. यातलं आणि काट्यावरचं, जे जास्त असेल त्याचे पैसे लागतात. घरात पडलेला २० × १५ × १० चा खोका वापरला तर उत्तर ६०० ग्रॅम येतं, आणि आपण ४८० वर आणलेला हिशेब वाया जातो. २० × १२ × ८ चा खोका घेतला तर ३८४ येतात.

आता पाकिटाच्या आतलं. मसाल्यात खोबरं आणि तीळ असतात, त्यांच्या तेलाला हवा लागली की ते खवट होतं. कांदा-लसणातलं पाणी नीट गेलेलं नसेल तर गाठी होतात, आणि पुढे बुरशी धरते. म्हणून कांदा-लसूण पूर्ण कोरडा करायचा. मिरची निवडताना काळसर डागांची, ओलसर वासाची बाजूला काढायची, कारण बुरशी पुष्कळदा तिथूनच येते. कुटलेला मसाला गरम असताना भरू नये, कारण वाफ पाऊचच्या आत पाणी होऊन बसते. रात्रभर स्वच्छ कापडाखाली पसरून ठेवावा आणि सकाळी भरावा. साध्या पातळ पिशवीतून तेल झिरपतं, म्हणून आतून चंदेरी थर असलेलं जाड पाऊच घ्यावं. सील केल्यावर एखादं पाकीट पाण्यात धरून दाबून बघावं. बुडबुडे आले की सील कच्चं आहे.

मुदत किती लिहायची, हा प्रश्न हमखास येतो. दुसऱ्याच्या पाकिटावरचे सहा महिने उतरवून घेणं ही मोठी चूक. प्रत्येक घाण्यातली काही पाकिटं राखून ठेवा. काही कपाटात, काही पत्र्याखालच्या उकाड्याच्या जागी. दर महिन्याला दोन्हीकडचं एकेक फोडायचं, वास घ्यायचा, गाठी बघायच्या आणि वहीत तारखेनिशी लिहायचं. उकाड्यातलं पाकीट सहाव्या महिन्यात खवट लागलं, तर लेबलवर चार महिनेच लिहा. कुरिअरच्या गोदामात आणि टेम्पोत आपल्या कपाटासारखा गारवा नसतो. शिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन कंपन्यांना बजावलं आहे की माल ग्राहकाच्या हाती पडताना मुदतीचा ३० टक्के भाग किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. म्हणजे चार महिन्यांचा मसाला विकायला खरे अडीच महिनेच मिळतात. घाणा लहान आणि वारंवार काढावा, तो यासाठी.

चवीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. दहा घरी दहा हातांनी मसाला केला तर दहा चवी होतात. समोरासमोर विकताना ते निभावतं. ऑनलाइन दुसऱ्या वेळी वेगळी चव लागली, तर गिऱ्हाईक काही न सांगता निघून जातं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पुढे त्यांच्या शाखा वाढल्या, तरी पीठ शाखेत एका ठिकाणी मळलं जातं आणि बहिणी ते घरी नेऊन लाटतात. मसाल्यालाही हीच रीत लागू आहे: निवडणं-वाळवणं घरोघरी चालेल, पण भाजणी, प्रमाण आणि भरणी एकाच जागी. अन्नसुरक्षा नोंदणी जागेच्या पत्त्यावर होत असल्याने कागदोपत्रीही तेच सोयीचं.

ही नोंदणी पहिलं पाकीट विकण्याआधी करायची. छोट्या उद्योगाची नोंदणी foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर होते आणि वर्षाला शंभर रुपये शुल्क असतं. मिळालेला चौदा आकडी क्रमांक लेबलवर छापायचा. लेबलवर आणखी लागतं ते असं: जिन्नस वजनाने जास्तीकडून कमीकडे, निव्वळ वजन, घाण्याचा क्रमांक, केल्याची आणि वापरायची शेवटची तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, ग्रॅममागे किंमत, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराची हिरवी खूण. तीळ आहेत हे ठळक लिहा, काहींना त्याची ॲलर्जी असते. काटा वैधमापन खात्याकडून पडताळून, शिक्का मारून घेतलेला हवा. पाकीटबंद माल भरणाऱ्याने त्या खात्याकडे नावही नोंदवायचं असतं.

कराची एक गोष्ट अगदी सुरुवातीला माहीत हवी. मसाल्यावर जीएसटी आहे. करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा, तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात विकताना चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत ती लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या संकेतस्थळांवरूनही असं राज्यांतर्गत विकता येतं, फक्त जीएसटीच्या पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. म्हणून हैदराबादहून ऑर्डर आली की आनंदाने पार्सल बांधू नका. पहिलं वर्ष महाराष्ट्रातच राहा.

आणि महाराष्ट्रात आपली ओळख कमी नाही. जुन्नर-आंबेगावातलं क्वचितच असं घर असेल, ज्याचं कुणी मुंबई-ठाण्यात नाही. पहिली पार्सलं त्यांनाच पाठवा, पण भेट म्हणून नव्हे, चाचणी म्हणून. खोका उघडतानाचा व्हिडिओ मागवा, पाकीट फुगलं का, तेल सुटलं का ते विचारा. नंतर एका सोसायटीतल्या पंधरा-वीस घरांची ऑर्डर एकत्र करा. एवढा माल एकाच पार्सलमधून गेला की घरामागे वाहतूक बरीच कमी पडते. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदची दुर्बीण बघायला बाहेरगावची माणसं लोटतात. त्या दिवशी चिमूटभर मसाल्याची पुडी आणि व्हॉट्सॲपचा नंबर हातात दिला, तर ते गिऱ्हाईक पत्त्यासकट गटाच्या वहीत येतं. मोठ्या संकेतस्थळाचं गिऱ्हाईक त्या संकेतस्थळाचंच राहतं, आणि दलालीही जाते. शंभराला पंधरा धरले तरी ४५० च्या जोडीवर साडेसदुसष्ट रुपये गेले, आपले ९० होते त्यातले साडेबावीस उरले. तिथे जायचंच असेल तर किंमत नव्याने मांडून जावं.

पैशांची एक शिस्त ठेवा: आधी पैसे, मग पार्सल. माल मिळाल्यावर पैसे देणाऱ्याने दार उघडलंच नाही, तर जाण्या-येण्याचे १६० गेले. परत आलेलं खाण्याचं पाकीट दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून माल आणि खोक्याचे २८० ही गेले. एकूण ४४०. हा खड्डा भरायला पाच चांगल्या ऑर्डरींचा नफा लागतो. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या खात्यात रक्कम दिसल्यावरच खोका बांधा. आणि पैसे घेण्यासाठी कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही घालावा लागत नाही. ‘मी मोठी ऑर्डर देतो, आधी हा कोड स्कॅन करा’ असं कुणी म्हटलं, तर तो तुमच्या खात्यातून पैसे काढायला आला आहे.

मी सर्वात जास्त पाहिलेली चूक याहून साधी आहे. गटाचं व्हॉट्सॲप, ईमेल, पैशांचा क्यूआर, सगळं कुणाच्या तरी मुलाच्या किंवा भाच्याच्या नंबरवर उघडलेलं असतं. तो नोकरीला चाकणला जातो, नंबर बदलतो, आणि वर्षभराची गिऱ्हाइकं त्याच्याबरोबर जातात. गटाच्या नावाने वेगळं सिम घ्या, क्यूआर गटाच्या बँक खात्याचा ठेवा, पासवर्ड दोन ताईंकडे कागदावर ठेवा. मुलांनी शिकवावं, मदत करावी, पण ऑर्डर वहीत लिहायचं काम गटातल्याच एकीकडे हवं.

राहिला प्रश्न मासवडीचा, कारण आपल्या भागात तो येतोच. ती पार्सलने पाठवू नका. ओलसर सारण आहे, बंद खोक्यात दुसऱ्याच दिवशी बिघडेल. तिची ऑर्डर व्हॉट्सॲपवर घ्या, पैसेही तिथेच घ्या, आणि पोच फक्त नारायणगाव, मंचर किंवा आळेफाट्यावर, त्याच दिवशी, हातोहात.