निवत जाणाऱ्या कॉफीची चव

कोऱ्या कॉफीचा एकच कप वाफाळता, कोमट आणि पूर्ण निवलेला असा तीन वेळा चाखला तर तीन वेगळ्या चवी लागतात. वाफाळत्या कॉफीत भाजलेल्या बियांचा दरवळ आणि उष्णता एवढेच ठळक जाणवते. कोमट झाल्यावर त्याच कपात फळासारखी आंबूस चव आणि थोडा गोडवा उमटतो. पूर्ण निवल्यावर कधी आंबटपणा टोचू लागतो, तर कधी कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. एवढ्या वेळात कपातल्या द्रवाची रासायनिक घडण फारशी बदलत नाही. बदलते ते नाकापर्यंत पोहोचणाऱ्या वासाचे प्रमाण आणि जिभेची ग्रहणशक्ती. म्हणूनच कॉफीत कोणती आम्ले आणि कोणते कडू पदार्थ आहेत, हे निवत्या कपातून ओळखता येते.

कॉफी पारखणाऱ्यांनी या बदलाभोवतीच आपली पद्धत बसवली आहे. तिला कपिंग म्हणतात. अमेरिकेतल्या स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने रूढ केलेल्या रीतीनुसार १५० मिलिलीटर पाण्याला ८.२५ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी घेतात, तिच्यावर सुमारे ९३ अंश सेल्सिअसचे पाणी ओततात आणि तीन ते पाच मिनिटांनी वर आलेला चोथ्याचा थर चमच्याने मोडतात. थर मोडताना वास घेतला जातो, पण चव लगेच घेत नाहीत. कॉफी सुमारे ७१ अंशांवर आली की पहिला घोट चमच्यातून जोराने ओढून घेतात आणि एकूण स्वाद व मागे उरणारी चव यांना गुण देतात. त्यानंतर साधारण ६० अंशांपर्यंत उतरताना आम्लता, दाटपणा आणि चवींचा तोल पाहतात. गोडवा आणि चवीचा स्वच्छपणा ठरवायला मात्र ३७ अंशांच्या खाली येईपर्यंत थांबतात. २१ अंशांवर परीक्षा संपते. म्हणजे एका कपाची पूर्ण पारख व्हायला तो जवळपास खोलीच्या तापमानापर्यंत निवावा लागतो.

पहिल्या टप्प्यावर राज्य असते ते वासाचे. आपण ज्याला कॉफीची चव म्हणतो तिचा मोठा भाग तोंडातून घशामागच्या वाटेने नाकात पोहोचणाऱ्या वासाचा असतो. वासाचे रेणू द्रवातून हवेत किती जातील हे तापमानावर अवलंबून असते. कॉफी गरम असताना ते भराभर बाहेर पडतात, आणि निवत गेली तसे त्यांचे प्रमाण कमी होते. भाजलेल्या कॉफीचा ओळखीचा वास देणारे गंधकयुक्त रेणू तर फार नाजूक असतात. त्यांतले काही वाफेबरोबर उडून जातात आणि काही कॉफीतल्याच तपकिरी रंगद्रव्यांना चिकटून बसतात. म्हणून निवलेली कॉफी पुन्हा गरम केली तरी तो पहिला दरवळ परत येत नाही.

याच टप्प्यावर जीभ दुसऱ्याच कामात गुंतलेली असते. साधारण ४३ अंशांपासून पुढे तोंडातली उष्णतेची वेदना जाणणारी चेतातंतूंची टोके जागी होतात. मिरचीचा तिखटपणा कळवणारी टोकेही हीच. साठ-सत्तर अंशांच्या घोटात चटक्याची जाणीव इतकी पुढे असते की बारीकसारीक चवी तिच्याखाली दबून जातात. गरम कॉफीत आंबट आणि कडू वेगवेगळे ओळखता येत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे.

कॉफी शरीराच्या तापमानाच्या आसपास आली की चटका ओसरतो आणि चवींचा खरा हिशोब सुरू होतो. या पट्ट्यात गोड आणि कडू या चवींना उबेची मदत मिळते. या दोन्ही चवींचा संदेश पुढे पाठवणाऱ्या पेशींत टीआरपीएम-५ नावाची एक प्रथिनवाहिनी असते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान तापमान वाढेल तशी ही वाहिनी अधिक जोमाने काम करते. तापमान उतरले की तिचे काम मंदावते. आंबट चवीची वाट मात्र वेगळी आहे. आम्लातले हायड्रोजन आयन दुसऱ्याच प्रकारच्या पेशींत दुसऱ्या वाहिनीतून थेट शिरतात. त्याआधी १९८७ मध्ये बॅरी ग्रीन आणि स्कॉट फ्रँकमन यांनी माणसांची जीभ थंड करून चवी तपासल्या होत्या. थंड जिभेला साखरेचे पाणी कमी गोड आणि कॅफिनचे पाणी कमी कडू लागले, पण सायट्रिक आम्लाचा आंबटपणा जवळजवळ तसाच राहिला.

निवत्या कपाचे बरेचसे कोडे इथे सुटते. ३७ अंशांकडून २१ अंशांकडे जाताना गोड आणि कडू दोन्ही मागे सरतात, वासही कमी झालेला असतो, आणि आंबट मात्र जागेवरच उभे राहते. शिवाय एकत्र आलेल्या चवी एकमेकींना दाबून ठेवतात. गोड आणि कडू यांचा दाब हटला की आंबट आणखी ठळक लागते. आम्ल वाढलेले नसते, त्याला झाकणारे कमी झालेले असते.

हे आम्ल येते कुठून, ते पाहिले की कपांमधला फरक समजतो. कच्च्या कॉफीच्या बीत लिंबात असते ते सायट्रिक आम्ल आणि सफरचंदात असते ते मॅलिक आम्ल असते. जोडीला क्लोरोजेनिक आम्लांचा मोठा साठा असतो. बी भाजताना साखरेपासून थोडे ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्ल तयार होते. भाजणी जितकी गडद, तितकी सायट्रिक, मॅलिक आणि क्लोरोजेनिक आम्ले तुटत जातात. म्हणून हलक्या भाजणीची कॉफी आंबूस आणि गडद भाजणीची कमी आंबट असते.

तुटलेली क्लोरोजेनिक आम्ले नाहीशी होत नाहीत, त्यांचेच पुढे कडू पदार्थ बनतात. कॉफीचा कडूपणा कॅफिनमुळे येतो असा सर्वसाधारण समज आहे, पण कॅफिनचा त्यातला वाटा लहान आहे. कॅफिन काढून टाकलेली कॉफीही कडू लागते, हा त्याचा सोपा पुरावा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ थॉमस हॉफमन यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले की हलक्या आणि मध्यम भाजणीत क्लोरोजेनिक आम्लांपासून लॅक्टोन बनतात आणि त्यांचा कडूपणा सौम्य, सुखद असतो. भाजणी गडद होत गेली की लॅक्टोन मोडून फेनिलइंडेन नावाचे पदार्थ तयार होतात. त्यांचा कडूपणा रखरखीत असतो आणि घोट गिळल्यावरही जिभेवर टिकून राहतो.

आता दोन कप शेजारी ठेवून पाहावेत. एकात चिकमगळूरच्या बागेतली, धुऊन वाळवलेली आणि हलकी भाजलेली अरेबिका. दुसऱ्यात कूर्गची, गडद भाजलेली रोबस्टा. रोबस्टाच्या बीत कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असते आणि क्लोरोजेनिक आम्लेही जास्त असतात, म्हणजे कडू पदार्थांचा कच्चा मालच अधिक. सत्तर अंशांवर दोन्ही कप आपापल्या भाजणीच्या दरवळाने भरलेले असतात आणि दोन्ही चांगले लागू शकतात. चाळीस अंशांच्या आसपास अरेबिकात लिंबूवर्गीय आंबूसपणा आणि हलका गोडवा दिसू लागतो, तर रोबस्टात कडवटपणा उघडा पडतो. पंचवीस अंशांवर अरेबिकाचा कप स्पष्ट आंबट होतो. चांगल्या बीची, नीट काढलेली कॉफी असेल तर हा आंबटपणा रसाळ लागतो. रोबस्टाच्या कपात पुढे यायला आम्लच थोडे उरलेले असते. थंडाव्याने कडूपणाही थोडा उतरतो, पण त्याला सावरणारा दरवळ गेलेला असल्याने जिभेवर रेंगाळणारा कडू आणि तुरट अंशच प्रामुख्याने जाणवतो.

कॉफी काढताना झालेली चूकही निवल्यावर कळते. गरम पाण्यात आम्ले लवकर उतरतात, कडू आणि तुरट पदार्थांना वेळ लागतो. दळण फार जाड असेल किंवा पाणी झटकन निघून गेले तर कपात आम्ल पुरेसे येते आणि त्याला तोलणारे बाकीचे मागे राहते. अशी कॉफी निवल्यावर पातळ आणि बोचरी आंबट लागते. उपाय म्हणजे दळण बारीक करणे किंवा पाणी जास्त वेळ ठेवणे. उलट, निवलेला कप जीभ कोरडी करणारा तुरट लागत असेल तर दळण थोडे जाड करावे किंवा वेळ कमी करावा.

हे सगळे उघड्या कपात निवू दिलेल्या कॉफीला लागू आहे. कॉफी तास-दोन तास गरम तव्यावर ठेवली, तर मात्र द्रवच बदलतो. भाजताना बनलेले लॅक्टोन गरम पाण्यात हळूहळू फुटतात आणि त्यांच्यापासून पुन्हा आम्ले तयार होतात, त्यात क्विनिक आम्ल महत्त्वाचे. कॉफी खरोखरच अधिक आम्लधर्मी होते. कार्यालयातल्या मशीनखाली दुपारपर्यंत तापत राहिलेल्या कॉफीचा कडवट-आंबट बेचवपणा हा असा येतो.

जिभेतला बदल कोणता आणि द्रवातला कोणता, हे घरी तपासता येते. २२ ग्रॅम कॉफी आणि ४०० मिलिलीटर पाणी घेऊन कोरी कॉफी करावी आणि गाळून तिचे दोन भाग करावेत. एक भाग लगेच झाकून निवू द्यावा. दुसरा झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दोन तास तापता ठेवावा, पाणी आटले तर तेवढेच गरम पाणी घालावे, आणि मग निववावा. दोन्ही खोलीच्या तापमानाला आले की आलटून पालटून चाखावेत. तापमान सारखे असल्याने दुसऱ्या कपात जो जादा आंबटपणा लागेल तो द्रवातला. त्यानंतर पहिल्या कपातली थोडी कॉफी वाटीत घेऊन, वाटी गरम पाण्यात धरून, बोटाला कोमट लागेपर्यंत ऊन करावी. थंड घोटाच्या मानाने तिचा आंबटपणा जितका मवाळ लागेल आणि गोड-कडू अंश जितका परत येईल, तितका बदल जिभेतला होता.

दूध घातलेल्या कॉफीत हा फरक पुसट होतो. दुधातली प्रथिने क्लोरोजेनिक आम्लांच्या वर्गातल्या पदार्थांना बांधून तुरटपणा कमी करतात आणि दूध आम्लाची धारही बोथट करते. साखर आंबट आणि कडू दोन्ही दाबते. त्यामुळे वरची परीक्षा कोऱ्या, बिनसाखरेच्या कॉफीवरच करावी लागते. कडू चवीची संवेदना माणसागणिक जन्मतःच कमीअधिक असते, म्हणून एकाच कपाबद्दल दोघांचे मत वेगळे पडू शकते. पण निवताना आंबट टिकते आणि गोड-कडू मागे हटतात, हा सर्वसाधारण क्रम दोघांच्याही जिभेवर दिसतो.