फ्यूज केव्हा वितळतो?

केशोरीत वारंवार फ्यूज जातो म्हणून आम्ही एकदा त्यात जाड तार गुंडाळली. फ्यूज टिकला; भिंतीतल्या तारेचे वेष्टण मात्र जळाले. चूक आमच्या हिशेबाची होती.

तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, हे ज्यूलने १८४१ साली दाखवले. ५ अँपिअर हा फ्यूजचा आकडा वितळण्याचा नव्हे, सतत सोसण्याचा. तेवढी उष्णता हवेत निघून जाते. ६ अँपिअरलाही साधी फ्यूजतार सहसा टिकते. १० अँपिअरला उष्णता चौपट होते, ती साचते आणि तार काही वेळाने वितळते. उघड्या तारा भिडून ५० अँपिअर वाहिले, तर उष्णता शंभरपट. ती निसटायला अवसरच नसतो, तार क्षणात तुटते.

म्हणून फ्यूजची तार भिंतीतल्या तारेआधी वितळेल अशीच हवी. नाहीतर भिंतच फ्यूज होते.