रिकामा स्लॉट आणि चार जीबीची भिंत

मायक्रॉन कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा रॅम आणि एसएसडीचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. मेमरी चिपचे उत्पादन डेटा सेंटरकडे वळल्यामुळे रॅमचे भाव त्याआधीच चढले होते, आणि ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला होता. या घडामोडींमुळे चार-पाच वर्षांपूर्वी गेमिंग लॅपटॉप घेतलेल्यांपुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला आहे. लॅपटॉपच्या पोटात रॅमचा एक स्लॉट आणि एसएसडीची एक जागा रिकामी असेल, तर वाढलेल्या भावातही ती भरून त्यावर नवे गेम आणखी काही वर्षे खेळता येतील का? विक्रेत्यांचे उत्तर बहुधा सरसकट ‘होय’ असते, परंतु यंत्राची रचना पाहता हे उत्तर अर्धेच खरे आहे.

विवेचनासाठी २०२१ साली बाजारात सर्रास मिळणारी एक जुळणी घेऊ: इंटेलचा अकराव्या पिढीचा कोअर आय-५ ११४००एच प्रोसेसर, एनव्हिडियाचे ४ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स, डीडीआर४ प्रकारची ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि ५१२ जीबीची एसएसडी. अशा अनेक लॅपटॉपांमध्ये रॅमचा दुसरा स्लॉट आणि एम.२ नावाचा, म्हणजे पातळ पट्टीसारखी एसएसडी आडवी बसवण्याचा, दुसरा स्लॉट मोकळा ठेवलेला असतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मात्र मदरबोर्डवर कायमच्या डाक दिलेल्या असतात आणि ग्राफिक्सची स्वतःची मेमरीही त्या चिपभोवती तशीच जोडलेली असते, म्हणून ती नंतर वाढवता येत नाही.

गेम चालताना माहिती तीन पातळ्यांवर राहते. पृष्ठभागांची चित्रे, ज्यांना गेमच्या भाषेत टेक्श्चर म्हणतात, ग्राफिक्सच्या मेमरीत असतात आणि आरटीएक्स ३०५० मध्ये ही मेमरी सेकंदाला १९२ जीबी या वेगाने वाचली जाते. ती भरली की उरलेली टेक्श्चर विंडोज साध्या रॅममध्ये ठेवते, जिथून ग्राफिक्स चिपपर्यंत येण्याचा रस्ता या जुळणीत सिद्धांततःही सेकंदाला सुमारे १६ जीबीचाच आहे. रॅमही भरली की तिच्यातील काही भाग एसएसडीवरील पेजफाइलमध्ये, म्हणजे रॅमचा विस्तार म्हणून राखलेल्या फाइलमध्ये, ढकलला जातो. एसएसडीवरून एखादा लहान तुकडा मिळवण्यास रॅमच्या तुलनेत ढोबळमानाने हजारपट वेळ लागतो. गच्चीवरची टाकी ओसंडली की पाणी मधल्या टाकीत आणि तिथून तळातल्या हौदात यावे, तसा हा प्रकार आहे. मालकाला मधली टाकी आणि हौद वाढवता येतात, पण गच्चीवरची टाकी कारखान्यातून आली तेवढीच राहते.

या जुळणीत सर्वांत आधी तुंबते ती मधली पातळी. विंडोज, गेमचे लाँचर, ब्राउझर आणि पार्श्वभूमीत चालणारे इतर प्रोग्रॅम मिळून ८ जीबीपैकी तीन-चार जीबी सहज व्यापतात, तर अलीकडच्या बहुतेक मोठ्या गेमच्या किमान गरजांमध्ये १६ जीबी रॅम लिहिलेली असते. त्यातच ग्राफिक्सच्या ४ जीबीतून ओसंडलेली टेक्श्चरही याच रॅममध्ये येऊन बसतात. परिणामी गेमचा सरासरी वेग बरा दिसत असूनही नव्या भागात शिरताना किंवा वेगाने मान वळवताना चित्र क्षणभर गोठते. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रे, हवी असतील तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि पेजफाइलमधून शेकडो तुकडे मागवावे लागले की हे अंदाजपत्रक कोलमडते. जुन्या लॅपटॉपातील फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर तर एकच तुकडा शोधण्यात दहा-बारा मिलिसेकंद जातात, त्यामुळे ज्यांचे गेम अजून हार्ड डिस्कवर आहेत त्यांनी इतर कोणत्याही सुधारणेआधी एसएसडी घ्यावी.

दोष नेमका कोणत्या पातळीवर आहे हे पैसे खर्च करण्यापूर्वीच कळू शकते. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरमधील `Performance` या विभागात `Memory` उघडले असता `Committed` या शब्दाखाली मागितलेल्या मेमरीचा आकडा दिसतो. तो प्रत्यक्ष रॅमच्या बराच पुढे गेला असेल आणि अडखळण्याच्या क्षणी डिस्कचा आलेख उसळत असेल, तर रॅम कमी पडते आहे. तिथेच `Slots used: 1 of 2` असे लिहिलेले असल्यास दुसरा स्लॉट मोकळा आहे. त्यानंतर `GPU` च्या पानावर `Dedicated GPU memory` हा आकडा पाहावा. तो ४ जीबीला टेकलेला असेल आणि शेजारचा `Shared GPU memory` वाढत चालला असेल, तर वरची पातळी ओसंडत आहे. यातले काहीच नसून ग्राफिक्स चिप सतत ९५ टक्क्यांच्या वर राबत असेल, तर तिची ताकदच संपली आहे आणि नवी रॅम घेऊनही हाती काही लागणार नाही.

८ जीबीची दुसरी स्टिक बसवली की एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. क्षमता १६ जीबी होते आणि पेजफाइलकडे जाणारा ओघ आटतो, ही झाली उघड गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की प्रोसेसरला मेमरीचे दोन स्वतंत्र मार्ग असून एका स्टिकने त्यांतला एकच वापरात येतो. डीडीआर४-३२०० प्रकारात एका मार्गाचा कमाल वेग सेकंदाला २५.६ जीबी, तर दोन्ही मार्गांचा मिळून ५१.२ जीबी होतो. याचा लाभ सरासरी फ्रेमदरापेक्षा तळच्या फ्रेमदरात, म्हणजे सर्वांत वाईट क्षणांच्या वेगात, अधिक जाणवतो आणि खेळणाऱ्याला खटकतात ते हेच क्षण.

खरेदी करताना फारसा कोणी न पाहणारा एक तपशील इथे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण लॅपटॉपसोबत आलेली स्टिक अनेकदा याच ठिकाणी उणी असते. स्टिकच्या लेबलवर `8GB 1Rx16 PC4-3200AA` किंवा `8GB 1Rx8 PC4-3200AA` अशी बारीक अक्षरांची ओळ असते. क्षमता, प्रकार आणि वेग दोन्हींचे सारखेच, फरक केवळ `x16` आणि `x8` एवढाच. `1Rx8` मध्ये ही क्षमता आठ चिपमध्ये विभागलेली असते, तर `1Rx16` मध्ये चारच मोठ्या चिप वापरून खर्च वाचवलेला असतो. डीडीआर४च्या प्रत्येक चिपमध्ये बँक ग्रुप म्हणजे एकापाठोपाठ काम उरकू शकणारे स्वतंत्र विभाग असतात. ते `x8` चिपमध्ये चार, तर `x16` चिपमध्ये दोनच असतात. विभाग कमी म्हणजे मागण्यांची रांग लांब, आणि म्हणून कागदावर ३२०० असा एकच वेग असलेल्या दोन स्टिक प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये वेगवेगळ्या वागतात. उत्पादकांनी जाहिरातीत मेमरीचा वेग ठळक छापावा आणि ही बाब लेबलावरच्या सूक्ष्म अक्षरांत सोडून द्यावी, हे ग्राहकाच्या दृष्टीने अन्यायाचे आहे. दुकानात, मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे असो वा तालुक्याच्या गावातले, स्टिक हातात घेऊन ही ओळ वाचावी आणि शक्यतो `1Rx8` मागावी. जुनी ८ जीबी तशीच ठेवून शेजारी १६ जीबी बसवल्यास पहिले १६ जीबी दोन्ही मार्गांवर चालतात आणि उरलेले ८ जीबी एकाच मार्गावर, ही तडजोड चालण्याजोगी आहे.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण घाईचे नव्हे. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा, तळाचे झाकण उघडल्यावर बॅटरीची जोडणी सोडवावी, स्टिक तिरकी धरून खाचेत पूर्ण आत सरकवावी आणि मग दोन्ही बाजूंच्या पकडी टक् असा आवाज करेपर्यंत खाली दाबावी. पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही काळ काळाच राहू शकतो, कारण नव्या मेमरीशी जुळवून घेण्याची प्रक्रिया तेव्हा चालू असते. अशा वेळी घाबरून पॉवरचे बटण दाबू नये.

साठवणुकीच्या दुसऱ्या स्लॉटचा उपयोग वेगासाठी कमी आणि जागेसाठी जास्त आहे. ‘स्टारफील्ड’ हा गेम १२५ जीबी आणि ‘बाल्डर्स गेट ३’ १५० जीबी जागा मागतो, आणि दोन्हींच्या किमान गरजांत एसएसडी नमूद आहे. विंडोज धरून ५१२ जीबीत असे दोन-तीनच गेम मावतात. शिवाय एसएसडी काठोकाठ भरली की तिचा लिहिण्याचा वेग घसरतो. परंतु आधीपासून एनव्हीएमई प्रकारची, म्हणजे थेट प्रोसेसरच्या जलद मार्गावरची, एसएसडी असताना तिच्याहून महागडी घेतल्याने गेम उघडण्यातला फरक बहुधा थोड्या सेकंदांचाच पडतो. काही लॅपटॉपांत दुसरा स्लॉट जुन्या साटा प्रकारालाच जोडलेला असतो, तेव्हा खरेदीपूर्वी मॉडेलची माहितीपुस्तिका उघडणे हाच खात्रीचा मार्ग.

आता चार जीबीच्या भिंतीकडे वळावे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधील ‘डूम: द डार्क एजेस’ या दोन्ही गेमनी किमान गरजेतच ८ जीबी ग्राफिक्स मेमरी आणि रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशोब करणारी यंत्रणा, मागितली आहे. प्रस्तुत लॅपटॉपच्या ग्राफिक्समध्ये ती यंत्रणा आहे, पण मेमरी निम्मीच आहे. रॅम १६ची ३२ जीबी केल्यास ओसंडलेली टेक्श्चर सामावतील, मात्र ती सेकंदाला १६ जीबीच्याच रस्त्याने यावी लागल्यामुळे अडखळणे राहणार. यावर उपाय एकच, टेक्श्चरचा दर्जा ‘मीडियम’ किंवा ‘लो’ ठेवणे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. २०१७ सालच्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरची अडचण निराळी आहे. त्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना ‘विंडोज ११’ची अधिकृत मान्यताच नाही, त्यामुळे स्लॉट कितीही भरले तरी तो दरवाजा उघडत नाही.

उत्पादक मात्र स्लॉटच काढून टाकण्याच्या दिशेने चालले आहेत. आसुसच्या झेफिरस जी१४ मध्ये २०२४ पासून सगळी रॅम मदरबोर्डवर जोडलेली येते. ती चिपजवळ असल्याने जलद चालते, हे तांत्रिक कारण खोटे नाही, पण काढघाल करता येईल अशी आणि तरीही जलद असलेली कॅम२ ही रचना २०२३ च्या अखेरीस प्रमाणित झाली आहे आणि लेनोवोने ती २०२४ मध्ये थिंकपॅड पी१ मध्ये वापरूनही दाखवली. फ्रेमवर्क कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपात तर ग्राफिक्सचा भागच बदलता येतो. म्हणजे अडचण तंत्राची उरलेली नाही. भारताच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली होती. त्याच धर्तीवर रॅमचे स्लॉट किती, एसएसडीचे किती आणि ग्राफिक्स मेमरी किती, हे लॅपटॉपच्या खोक्यावर छापणे सक्तीचे व्हावे.

तोवर ज्यांच्याकडे ८ जीबी रॅम आणि ४ जीबी ग्राफिक्सचा लॅपटॉप आहे, त्यांनी भाव चढे असले तरी ८ जीबीची दुसरी स्टिक घ्यावी, जागा संपली असेल तर मध्यम किमतीची १ टीबी एसएसडी बसवावी आणि ३२ जीबीचा मोह टाळावा. एवढ्याने २०२३ पर्यंतचे बहुतेक गेम आणि ‘व्हॅलोरंट’सारखे स्पर्धात्मक गेम नीट चालतील. ज्यांना यापुढचे मोठे गेमच खेळायचे आहेत, त्यांनी स्टिकचे पैसे बाजूला ठेवून किमान ८ जीबी ग्राफिक्स मेमरीच्या पुढच्या लॅपटॉपसाठी साठवावेत.